टेस्टरचे आठ दिवे लागतात, तरी कनेक्शन का टिकत नाही

एका ऑफिसातली मीटिंगची खोली होती. भिंतीवर व्हिडिओ कॉलसाठी एक लांबट उपकरण बसवलेलं, कॅमेरा, माइक आणि स्पीकर सगळं एकातच. त्याला वेगळा अडॅप्टर नव्हता. नेटवर्कची जी एकच केबल येत होती तिच्यातूनच त्याला वीजही मिळायची. सकाळच्या मीटिंगा व्यवस्थित पार पडायच्या. दुपारी तीन-साडेतीनला खोली भरलेली असताना पडदा एकदम काळा व्हायचा, दोन मिनिटांनी उपकरण आपोआप सुरू व्हायचं आणि पुन्हा थोड्या वेळाने तोच प्रकार. जेव्हा ते चालू असायचं तेव्हाही पलीकडच्या माणसाचं बोलणं मधूनच गिळल्यासारखं तुटायचं.

मला बोलावलं तोवर तिथल्या लोकांनी बरंच करून पाहिलं होतं. उपकरण बदललं, स्विच बदलला, सॉफ्टवेअर अपडेट केलं. केबलकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं, कारण ती टेस्ट करून झाली होती. तिथली व्यवस्था पाहणारा मुलगा मला म्हणाला, "सर, केबल ओके आहे. एक ते आठ सगळे दिवे लागतात, मी तुमच्यासमोर लावून दाखवतो." त्याने दाखवलंही. आठही दिवे क्रमाने लागले.

तो खोटं बोलत नव्हता आणि टेस्टरही खोटं बोलत नव्हता. पण त्या टेस्टरचा प्रश्न इतकाच असतो की या टोकाची पहिली तार त्या टोकाच्या पहिल्या तारेला जोडलेली आहे का. तार कशाची आहे, किती जाड आहे, तिला पीळ आहे का, तिच्यातून अर्ध्या अँपिअरहून जास्त वीज तासन् तास वाहू शकेल का, यातलं काहीही तो विचारत नाही. त्याचा दिवा लागण्याएवढा प्रवाह जाण्यासाठी कशीबशी चिकटलेली तारही पुरते.

त्या खोलीपर्यंतची वाट अशी होती. स्विचपासून छताच्या वरून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत सुमारे 70 मीटर गोल केबल, आणि तिथून गालिच्याखालून उपकरणापर्यंत 10 मीटर चपटी केबल, पट्टीसारखी, दिसायला नीटनेटकी. दोन्हींवर कॅटेगरी सहा असा दर्जा छापलेला. छतावरच्या केबलची तार तांब्याची नव्हती. ती आतून ॲल्युमिनियमची होती आणि वरून तांब्याचा पातळ थर होता. या प्रकाराला व्यवहारात सीसीए म्हणतात. चपटीची तार तांब्याची होती, पण केसासारखी बारीक. दोन वेगळे दोष एकाच वाटेवर आले होते आणि प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने त्रास देत होता.

आधी चपटी केबल घेऊ, कारण बोलणं तुटण्यामागे मुख्यतः ती होती.

इथरनेट केबलमध्ये आठ तारा असतात, पण त्या सुट्या नसतात, दोन-दोनच्या चार जोड्या असतात. एका जोडीतल्या दोन तारांवर एकच संदेश उलटसुलट जातो: एकीवर व्होल्टेज जेवढं वर, तेवढंच दुसरीवर खाली. पलीकडचं यंत्र प्रत्येक तारेचं व्होल्टेज बघत नाही, दोघींमधला फरक बघतं. आता शेजारून विजेची वायर गेली किंवा जवळ एखादी मोटर सुरू झाली, की तिचा उपद्रव दोन्ही तारांवर पडतो. तो दोन्हींवर सारखा पडला तर फरक काढताना आपोआप वजा होतो आणि संदेश शाबूत राहतो. पण सारखा पडेल कसा? एक तार कायम उपद्रवाच्या बाजूला आणि दुसरी कायम आड, असं असेल तर पडणारच नाही. म्हणून जोडीला पीळ देतात. दर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरला तारा जागा बदलतात, आत्ता जी जवळ होती ती पुढे लांब जाते, आणि शेवटी दोघींच्या वाट्याला सारखंच येतं.

यात आणखी एक बारकावा आहे. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. कॅटेगरी सहाची केबल सोलून चारही जोड्या शेजारी धरल्या की साध्या डोळ्यांनी दिसतं: एकीचा पीळ घट्ट, दुसरीचा थोडा सैल. हे मुद्दाम केलेलं असतं. पीळ सारखे असते तर शेजारच्या जोडीतल्या त्याच त्याच तारा सगळ्या वाटेवर एकमेकींसमोर आल्या असत्या आणि एकीचं बोलणं दुसरीत झिरपलं असतं.

केबल दीड-दोन मिलिमीटरची पट्टी करायची म्हटलं की याच गोष्टींवर गदा येते. स्वस्त चपट्या केबल्समध्ये आठ तारा कंगव्याच्या दातांसारख्या नुसत्या शेजारी मांडलेल्या असतात, पीळ जवळजवळ नसतोच. थोड्या बऱ्या प्रकारात जोड्यांना पीळ असतो, पण सैल, आणि चारही जोड्या एका ओळीत दाबून बसवलेल्या. चांगल्या जाडीच्या तारेच्या आणि नीट पिळलेल्या जोड्यांच्या चपट्या केबल्सही बनतात, हे मान्य केलं पाहिजे. पण ऑफिसात दाराखालून आणि गालिच्याखालून गेलेल्या ज्या केबल्स मी उघडल्या त्यांत अशी केबल क्वचितच सापडली.

गिगाबिटच्या वेगाला हे विशेष जड जातं. 100 मेगाबिटच्या कनेक्शनला दोनच जोड्या लागतात, एक पाठवायला आणि एक घ्यायला. गिगाबिटला चारही लागतात, आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश धावतात. म्हणजे यंत्राला स्वतःचा आवाज वजा करून पलीकडचा क्षीण आवाज ऐकावा लागतो. ते जमतं, पण केबलभर तारांमधलं अंतर एकसारखं असेल तरच. तारांमधलं अंतर जिथे बदलतं तिथे संदेशाचा थोडा भाग भिंतीवरून चेंडू यावा तसा मागे परततो. गालिच्याखालच्या चपट्या केबलवरून खुर्चीची चाकं रोज फिरतात, दाराच्या कोपऱ्यात ती कागदासारखी दुमडलेली असते. अशा प्रत्येक जागी परतणारा आवाज वाढतो आणि ऐकू येणारा आवाज त्यात बुडतो.

तरीही कनेक्शन पूर्ण तुटत नाही आणि त्यामुळेच दोष लपून राहतो. नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याच्या, म्हणजे फ्रेमच्या, शेवटी एक तपासणीचा आकडा असतो. घेणारं यंत्र तो पुन्हा काढून बघतं, जुळला नाही तर ती फ्रेम गुपचूप टाकून देतं. फाइल उतरवत असाल तर हरवलेला भाग पुन्हा मागवला जातो. तुम्हाला फक्त जरा सावकाश चाललंय असं वाटतं. पण बोलणं चालू असेल तर पुन्हा मागवायला वेळच नसतो. तो तुकडा गेला तो गेला, आणि कानाला अर्धा शब्द गिळल्यासारखा लागतो. "इंटरनेट तर चालतंय, फक्त कॉलच खराब आहेत" ही तक्रार ऐकली की मी आधी केबल बघतो.

हे बघायला महाग यंत्र लागत नाही. ज्या संगणकाला ती केबल लावली आहे तो लिनक्सवर चालत असेल तर चुकीच्या फ्रेमचा हिशोब असा दिसतो. तिथे `eth0` च्या जागी आपल्या नेटवर्क कार्डाचं नाव घालायचं:

```
ethtool -S eth0 | grep -iE 'crc|err'
```

आकडे एकदा लिहून ठेवायचे, अर्धा तास एखादी मोठी फाइल इकडून तिकडे करायची आणि पुन्हा बघायचं. चांगल्या केबलवर हे आकडे जागचे हलत नाहीत. सतत वाढत असतील, मग थोडे का होईना, तर वाटेत काहीतरी बिघडलेलं आहे. व्यवस्थापन करता येणाऱ्या स्विचवर हेच आकडे प्रत्येक पोर्टसाठी मिळतात. मीटिंगच्या उपकरणाचं पोर्ट तिथूनच पाहिलं, तर चुकीच्या फ्रेमचा आकडा मीटिंग चालू असताना मिनिटागणिक चढत होता.

दुसरं लक्षण वेगाचं. चार जोड्यांपैकी एखादीवर गिगाबिट जमत नाही असं दिसलं, तर बरीच नेटवर्क कार्डं मुकाट्याने 100 मेगाबिटवर उतरतात. वापरणाऱ्याला "कनेक्टेड" एवढंच दिसतं. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये असं विचारता येतं:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

दोन्ही टोकांना गिगाबिटची यंत्रं असताना इथे `100 Mbps` दिसलं, तर सेटिंगमध्ये हात घालण्याआधी केबल बदलून बघावी.

आता उपकरण बंद का पडत होतं ते पाहू. इथे छतावरची केबल मुख्य आरोपी आहे.

ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा स्वस्त आणि बरंच हलकं. विजेला मात्र ते जास्त अडवतं. सारख्याच जाडीची आणि सारख्याच लांबीची तार घेतली तर सीसीएचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त भरतो. 24 एडब्ल्यूजीची, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार 100 मीटरला साधारण 8.4 ओहम विरोध करते. तीच सीसीएची असेल तर सुमारे 13 ओहम. टीआयए या संस्थेच्या केबलिंगच्या मानकात एका तारेला 100 मीटरमागे 9.38 ओहमची कमाल मर्यादा आहे, आणि तार तांब्याचीच असावी असंही म्हटलेलं आहे. म्हणजे सीसीए केबलवर कॅटेगरी सहा छापलेलं असलं तरी ती त्या कॅटेगरीची नसते.

सीसीएच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: जलद संदेश तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो, आणि पृष्ठभाग तर तांब्याचा आहे, मग आत काय का असेना. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. 100 मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह खरोखरच वरच्या सहा-सात मायक्रॉनमध्ये एकवटतो, आणि अर्धा मिलिमीटरच्या सीसीए तारेवर, तांबं आकारमानाने दहा टक्के धरलं तर, थर सुमारे 13 मायक्रॉनचा असतो. तिथवर ठीक. पण 1 मेगाहर्ट्झला हीच खोली 66 मायक्रॉन होते, म्हणजे संदेशाचा संथ भाग ॲल्युमिनियममधूनच जातो. आणि केबलमधून जाणारी वीज तर सरळ एकदिशा प्रवाहाची असते. तिला पृष्ठभागाशी काही देणंघेणं नाही, ती तारेच्या सगळ्या जाडीतून वाहते. त्या जाडीत बहुतेक सगळं ॲल्युमिनियम आहे.

आपल्या खोलीचा हिशोब करू. उपकरण ज्या पद्धतीने वीज घेत होतं तिला आयईईई या संस्थेचं 802.3 एटी हे 2009 सालचं मानक लागू होतं. त्यात स्विच पोर्टवर 30 वॉट देऊ शकतो, व्होल्टेज किमान 50. उपकरणाने जास्तीत जास्त 25.5 वॉट घ्यायचे, आणि त्याच्यापर्यंत किमान 42.5 व्होल्ट पोचले पाहिजेत. वाटेतला विरोध 12.5 ओहमपर्यंत चालतो. मधले साडेचार वॉट केबलमध्येच उष्णता होऊन जाणार, हे मानकाने आधीच धरून ठेवलेलं आहे.

वीज एका जोडीने जाते आणि दुसऱ्या जोडीने परत येते. जोडीतल्या दोन तारा मिळून काम करतात, म्हणून जाताना एका तारेच्या निम्मा विरोध आणि येताना निम्मा. बेरीज एका तारेच्या विरोधाएवढीच होते, त्यामुळे हिशोब सोपा जातो. 70 मीटर सीसीएचे सुमारे 9.1 ओहम. चपट्या केबलची तार होती 30 एडब्ल्यूजीची. या मापात आकडा वाढतो तशी तार बारीक होते. 30 ची तार 24 च्या निम्म्या जाडीची, म्हणजे विरोध चौपट, 10 मीटरला 3.4 ओहम. एकूण 12.5 ओहम. मर्यादेवर तंतोतंत. तीच सगळी 80 मीटरची वाट 24 एडब्ल्यूजीच्या तांब्याची असती तर 6.7 ओहमवर काम भागलं असतं.

मर्यादेवर आहे म्हणजे चालायला हवं, आणि सकाळी ते चालतही होतं. पण हे सगळे आकडे 20 अंश तापमानाचे आहेत. धातू तापला की त्याचा विरोध वाढतो, तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. छताच्या वरच्या बंद जागेत दुपारी 40 अंश सहज होतं. तिथल्या केबलचा विरोध आठ टक्क्यांनी वाढला आणि वाटेतला एकूण विरोध 13.2 ओहमवर गेला. आता त्याच उपकरणाला 25.5 वॉट हवे असतील तर त्याच्यापर्यंत जेमतेम 42 व्होल्ट पोचतात आणि स्विचला 30.4 वॉट द्यावे लागतात. दोन्ही आकडे हद्दीबाहेर. आणि इथे उलटं चक्र फिरतं: अशी उपकरणं ठरलेले वॉट ओढतात, त्यामुळे व्होल्टेज पडलं की ती जास्त अँपिअर ओढतात, जास्त अँपिअरमुळे केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं आणि केबल आणखी तापते. शेवटी एक तर उपकरण कमी व्होल्टेजमुळे बंद होतं किंवा स्विच जादा मागणी पाहून पोर्टची वीज तोडतो. थोड्या वेळाने तो पुन्हा वीज देतो आणि उपकरण नव्याने सुरू होतं.

दुपारीच का आणि खोली भरल्यावरच का, याचं उत्तर इथे मिळालं. छत दुपारी तापतं, आणि कॅमेरा व स्पीकर पूर्ण जोरात चालतात ते माणसं असतानाच. रिकाम्या खोलीत उपकरण निम्मी वीजही घेत नाही. बरेच स्विच 50 पेक्षा दोन-चार व्होल्ट जास्त देतात, म्हणून अशीच केबल दुसऱ्या एखाद्या ऑफिसात निभावूनही जाते. तिथे नवीन स्विच बसला, जास्त वीज खाणारं उपकरण आलं किंवा छतावर वीस केबल्सचा जुडगा एकत्र बांधला गेला, की तिथेही हेच सुरू होतं.

हिशोब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात मोजता येतो का? येतो, साध्या मल्टिमीटरने. आधी केबल स्विचपासून आणि उपकरणापासून सोडवायची, नाहीतर मीटरही जाईल. एका टोकाला पिन 1 आणि 2 एकमेकींना जोडायच्या. मी त्यासाठी प्लगमध्ये दोन बोटांएवढा तारेचा तुकडा क्रिंप करून ठेवलेला आहे. दुसऱ्या टोकाला त्याच दोन पिनांमधला विरोध मोजायचा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा विरोध आधी पाहून वजा करायचा. इथे प्रवाह एका तारेने जाऊन दुसरीने परत येतो, म्हणून आकडा दुप्पट दिसतो. 80 मीटर तांब्याला साडेतेरा ओहमच्या आसपास यायला हवा होता. मीटरवर 25 दिसत होते. तो मुलगा दोन मिनिटं मीटरकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे टेस्टरने बरोबर सांगितलं, आपणच चुकीचं विचारलं."

नवी केबल टाकण्याआधी तर हे आणखी सोपं आहे. 305 मीटरचा पूर्ण खोका असेल तर दोन्ही टोकं हाताशी असतात. एका जोडीच्या दोन तारा एका टोकाला पिळून जोडायच्या, दुसऱ्या टोकाला मोजायचं. 24 एडब्ल्यूजीचं तांबं सुमारे 51 ओहम दाखवतं, 23 चं सुमारे 41. सीसीए असेल तर 24 चं 80 च्या आसपास आणि 23 चं 63 च्या आसपास जातं. मानकाची मर्यादा दोन्ही तारा मिळून 57 येते, म्हणून 57 च्या वर काही दिसलं की खोका परत करावा. छतावर चढवण्याआधी दहा मिनिटं यासाठी काढली, तर पुढचे महिने वाचतात.

मीटर नसेल तर पातं चालेल. तारेचं प्लास्टिक काढायचं आणि तार ब्लेडने हलकेच खरवडायची. सीसीए असेल तर तांबूस थराखाली लगेच रुपेरी चमक दिसते. इथे एक घोटाळा होतो तो सांगून ठेवतो: काही चांगल्या तांब्याच्या तारांवर कथिलाचा मुलामा असतो. त्या वरून रुपेरी आणि आतून तांबूस असतात, म्हणजे नेमकं उलट. म्हणून वरचा रंग पाहून निवाडा करू नये, खरवडलेल्या जागेचा रंग बघावा. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण तांबंही चिकटत नाही आणि ॲल्युमिनियमही नाही. खोक्याचं वजन मात्र बोलतं. तांब्याचा खोका उचलायची सवय असलेल्या हाताला सीसीएचा खोका अर्धवट भरलेला वाटतो.

जोडणीच्या जागी सीसीए आणखी वेगळा दगा देतं आणि तो कुठल्याही आकड्यात आधी दिसत नाही. सॉकेटच्या मागे तार पंच केली की धातूच्या दोन धारा प्लास्टिक कापून तारेत रुततात. तांब्यात त्या घट्ट बसून राहतात. सीसीएमध्ये त्या पातळ थर कापून ॲल्युमिनियमपर्यंत पोचतात. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच एक थर धरतो, आणि तो थर वीज वाहू देत नाही. शिवाय ॲल्युमिनियम मऊ; सततच्या दाबाखाली ते वर्षानुवर्षं थोडं थोडं सरकत राहतं आणि पकड ढिली होते. गरम-गार होताना ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे सांधा रोज कणभर हलतो. दमट हवा असेल तर तांबं आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे गंजही सुरू होतो. परिणामी बसवलं त्या दिवशी चांगली असलेली जोडणी वर्ष-दोन वर्षांनी वाईट होते, आणि तोवर ज्याने बसवली तो निघून गेलेला असतो.

अशी ढिली झालेली जोडणी विजेबरोबर संदेशालाही बाधते. जोडीतल्या एका तारेचा विरोध वाढला आणि दुसरीचा तसाच राहिला की वीज दोघींत सारखी वाटली जात नाही. पोर्टच्या आतलं छोटं ट्रान्सफॉर्मर दोन तारांतला प्रवाह सारखा आहे असं गृहीत धरून बनवलेलं असतं. फरक वाढला की ते संपृक्त होतं आणि त्यातून जाणारा संदेश विद्रूप होतो. म्हणून कधी कधी विचित्र गोष्ट दिसते: त्याच केबलला लॅपटॉप लावला तर एकही चूक नाही, आणि वीज घेणारं उपकरण लावलं की चुका सुरू.

मीटिंगच्या खोलीत आम्ही आधी फक्त चपटी केबल काढली आणि तिच्याजागी 24 एडब्ल्यूजीची तांब्याची गोल पॅच कॉर्ड भिंतीच्या कडेच्या पट्टीतून नेली. वाटेचा विरोध दहा ओहमच्या खाली आला. दुपारचं बंद पडणं त्याच दिवशी थांबलं, चुकांचा आकडाही जवळपास स्थिरावला. ऑफिसच्या लोकांना वाटलं झालं काम. मी छतावरची केबलही बदलायला सांगितली, पण छत उघडायचं म्हणजे दोन दिवस खोली बंद, म्हणून ते लांबलं. त्यांची अडचण खरी होती, आणि विरोधाचा हिशोबही आता मर्यादेत बसत होता. चार महिन्यांनी फोन आला: उपकरण बंद पडत नाही, पण चित्र अस्पष्ट येतं. स्विचवर पाहिलं तर पोर्ट 100 मेगाबिटवर उतरलेलं. सॉकेट उघडलं, त्यातली तपकिरी जोडी बोटाने थोडी हलवली आणि एक तार पंचच्या जागीच तुटून हातात आली. तुटलेलं टोक रुपेरी होतं. गिगाबिटला लागणाऱ्या चार जोड्यांपैकी एक गेल्यावर पोर्टने उरलेल्यांवर काम भागवलं होतं, आणि वीज दुसऱ्या जोड्यांवरून येत असल्याने उपकरण चालू राहिलं होतं.

मग ती 70 मीटर केबल बदलली. नवी टाकण्याआधी खोक्यावरच मोजलं, 41 ओहम. टाकून झाल्यावर सॉकेटपासून स्विचपर्यंत प्रत्येक जोडी वेगळी मोजली. चारही जोड्यांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले, कारण सांधे सारखे बसले होते.

चपटी केबल कुठेच वापरू नये असं मी म्हणत नाही. टेबलावर मीटर-दीड मीटरची असेल, तिच्यातून वीज जात नसेल आणि पलीकडे एखादा प्रिंटर असेल, तर ती सहसा त्रास देत नाही. जागा खरंच अरुंद असेल तर 28 एडब्ल्यूजीच्या बारीक गोल पॅच कॉर्ड मिळतात, त्यांना टीआयएची मान्यता आहे; फक्त एका वाटेवर अशा कॉर्डची एकूण लांबी 15 मीटरपर्यंतच ठेवायची. सीसीएसाठी मात्र मला अशी एकही जागा सुचत नाही. छतात किंवा भिंतीत जी केबल जाते ती दहा-पंधरा वर्षं तिथे राहणार असते आणि तिच्यातून पुढे काय जोडलं जाईल हे आज कुणालाच ठाऊक नसतं. त्या मीटिंगच्या खोलीत ती बसवली तेव्हा तिच्या टोकाला फक्त एक टेलिफोन होता, आणि त्याला तीन-चार वॉट पुरत होते.